डायरीच्या फोटोंतून महिन्याचा हिशोब

अमरावती-अकोल्याकडे घरखर्चाची डायरी अनेक घरांत असते. आज तिच्या फोटोंवरून महिन्याच्या बेरजा काढू.

फोटो दिवसाउजेडी, पान सपाट ठेवून, सरळ वरून काढा. फोनमधल्या गूगल लेन्सने मजकूर उचलता येतो, पण हाताचं अक्षर चुकू शकतं, १ आणि ९ विशेष. म्हणून आकडे फोटोशी ताडून पाहा. मग गूगल शीट्समध्ये प्रत्येक महिन्याला वेगळं पान करून तीन रकाने भरा: A मध्ये तारीख, B मध्ये खर्चाचं नाव, C मध्ये रक्कम. आकडे इंग्रजी अंकांत लिहा. किराण्याच्या बेरजेसाठी E1 चौकटीत हे सूत्र, बाकी खर्चांसाठी खालच्या चौकटींत नाव बदलून असंच:

```
=SUMIF(B:B,"किराणा",C:C)
```

समजा डायरीत किराणा 1240, दूध 480, भाजी 95/-, ऑटो 60 आणि पुन्हा किराणा 310 आहे. डायरीची बेरीज 2185, पण शीटमधल्या सगळ्या खर्चांच्या बेरजा मिळून 2090 होतात. 95 कमी! "95/-" हा शीटला आकडा वाटत नाही. तो चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसेल. नुसतं 95 लिहा.

दुसरी चूक आपल्या वऱ्हाडी बोलीची. दुसऱ्यांदा "किराना" लिहिलं गेलं, तर सूत्र 1550 ऐवजी 1240 च देतं.

म्हणून सगळ्या खर्चांच्या बेरजा एकत्र करून डायरीच्या बेरजेशी जुळवा. जुळल्याशिवाय पुढचं पान घेऊ नका.