कपडेदुरुस्तीकडून भरजरी ब्लाऊजकडे
(शिवणकाम व भरतकाम करणाऱ्या कारागिरांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यातील कोणत्याही बाजारगावी, म्हापशाला असो की फोंड्याला, शिंप्याच्या दुकानात दिवसभर जे काम येते त्यातील पुष्कळसे काम दुरुस्तीचे असते. पँट आखूड करणे, ब्लाऊज सैल करणे, साडीला फॉल लावणे, चेन बदलणे. हे काम कमी प्रतीचे नव्हे. तयार कपडा उसवून पुन्हा अंगाबरोबर बसविणे नवा कपडा शिवण्याइतकेच कठीण असते. तरीही त्यातून हाती फारसे काही उरत नाही. असे का होते, हे प्रथम आकड्यांनी पाहिले पाहिजे.

पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यापुरते आहेत. ज्याने त्याने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. एकटीने दुकान चालविणारी एखादी कारागीर दिवसाला आठ नग दुरुस्त करते आणि नगामागे सरासरी ६० रुपये घेते असे समजावे. दिवसाचे ४८० रुपये झाले. दोरा, हूक, चेन यांचे ४० रुपये गेले. दुकानभाडे व वीज मिळून महिन्याला ६,००० रुपये असतील, तर पंचवीस दिवसांच्या हिशेबाने रोजचे २४० रुपये तेही गेले. उरले २०० रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला तासामागे केवळ २५ रुपये.

आता वेळेकडे पाहावे. एका नगाला प्रत्यक्ष काम पंचवीस मिनिटांचे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे, माप घेणे, पुडके बांधणे यांची दहा मिनिटे धरली, तर आठ नगांना चार तास चाळीस मिनिटे लागतात. उरलेले तीन तास वीस मिनिटे दुकान उघडे असते, पण हात रिकामे असतात. दर वाढविण्याचा विचार सर्वजण करतात, या रिकाम्या वेळेचा विचार फारसा कोणी करीत नाही. वास्तविक दुरुस्तीच्या धंद्यातील खरे नुकसान येथेच आहे, आणि पुढचा मार्गही येथूनच निघतो.

त्या वेळेत बसेल असे काम हवे. ते हाती घेऊन मध्येच ठेवता आले पाहिजे, आणि त्यात शिंप्याचे मूळ कौशल्य उपयोगी पडले पाहिजे. वधूच्या साडीवरील आरीकामाचा ब्लाऊज हे असे काम आहे. लाकडी चौकटीवर, जिला कारागीर ‘अड्डा’ म्हणतात, कापड ताणून ठेवले की गिऱ्हाईक आले तरी सुई खाली ठेवून उठता येते. शिवाय या कामात भरतकाम करणारा एक आणि शिवणारा दुसरा असला की बिघाड ठरलेलाच. भरणाऱ्याला माप कळत नाही, शिवणाऱ्याला नक्षी मोडावी लागते. दोन्ही एकाच हाताखाली असणे हाच येथील फायदा होय.

कामाचा क्रम नेहमीच्या ब्लाऊजच्या उलट आहे. येथे कापड आधी कापायचे नसते. माप घेऊन कागदी नमुना तयार करावा, तो अखंड कापडावर ठेवून पाठ, पुढचे भाग व बाह्या आखाव्यात आणि शिलाईची रेघ वेगळी दाखवावी. रेशमी कापडाखाली सुती अस्तर जोडावे. ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून घेतलेले असावे, कारण न भिजविलेले अस्तर पुढे आकसते आणि वरच्या रेशमाला चुण्या पडतात. मग दोन्ही मिळून चौकटीवर इतके ताणावे की बोटाने टिचकी मारल्यास ढोलकीसारखा आवाज यावा. नक्षी पातळ कागदावर काढून तिच्या रेघांवर सुईने बारीक भोके पाडतात आणि त्यावरून रॉकेलमध्ये कालविलेली पूड फडक्याने फिरवितात. गडद कापडाला पांढरी पूड, फिक्याला नीळ. आधी कापडाच्या कोपऱ्यावर तपासून पाहावे, कारण काही रेशमांवर डाग राहतो.

आरीची सुई आकड्याची असते. दोरा कापडाखाली डाव्या हातात धरून सुईने तो वर ओढला की साखळी टाका पडतो. मोती व टिकल्या याच टाक्यात बसतात. डबक्याचे, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या नळीचे तुकडे मात्र साध्या सुईने लावावेत. चिकटवून बसविलेले खडे लवकर होतात खरे, पण धुलाईत प्रथम तेच सुटतात, आणि त्याचा दोष कारागिराच्या नावावर जातो.

शिवणाऱ्याची दृष्टी उपयोगी पडते ती नक्षी कोठे असावी आणि कोठे नसावी हे ठरविताना. शिलाईच्या रेघेलगत सुमारे एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. तेथे मणी आला तर यंत्राची सुई तुटते किंवा शिलाई वाकडी जाते. एका बाजूचा फूट लावून शिवले तर कडेपर्यंत जाता येते, आणि खांद्यावर नक्षी तुटलेली दिसली तर शिवून झाल्यावर तेवढे टाके हाताने भरता येतात. काखेत भरतकाम नको, तेथे घाम व घासणे दोन्ही आहे. डाव्या खांद्यावर पदर बसतो. तेथे उंच मणी किंवा डबका लावल्यास पैठणीचे धागे अडकून ओढले जातात. म्हणून त्या भागात सपाट साखळी टाकाच ठेवावा. हे गिऱ्हाईक सांगत नाही, कारण त्याला ते लग्नाच्या दिवशीच कळते.

सर्वांत जास्त ब्लाऊज बिघडतात ते कापड आकसल्यामुळे. दाट भरलेले कापड चौकटीवरून सोडले की आत ओढले जाते. किती, हे नक्षी, दोरा व हात यांवर अवलंबून असते. ते पाहण्यासाठी नमुन्याच्या तुकड्यावर भरण्यापूर्वी वीस सेंटिमीटरची रेघ आखावी आणि चौकटीवरून काढल्यावर ती पुन्हा मोजावी. जेवढी घट आली तेवढी सैलाई त्या भागात आधीच द्यावी. ब्लाऊज सोडल्यावर कागदी नमुना पुन्हा वर ठेवून रेघा तपासाव्यात, आणि मगच कात्री लावावी. इस्त्री उलट्या बाजूने, जाड टॉवेलवर ठेवून करावी.

आता किमतीचा प्रश्न. येथे पुष्कळ कुशल हात चुकतात. शेजारचा किती घेतो हे विचारून दर सांगितला जातो आणि तास मोजले जात नाहीत. तास मोजण्याची रीत सोपी आहे. ठरलेल्या नक्षीची दहा सेंटिमीटर पट्टी घड्याळ लावून भरावी. समजा तिला दोन तास लागले. पाठीचा गळा पन्नास सेंटिमीटर आणि दोन्ही बाह्यांच्या कडा मिळून साठ, असे एकशे दहा सेंटिमीटर काम असेल, तर भरण्याचे बावीस तास झाले. आखणे व चौकटीवर चढविणे दोन तास, अस्तरासह शिवणे चार तास, गिऱ्हाइकाशी बोलणी व माप घालून पाहणे दोन तास. एकूण तीस तास.

तासाची मजुरी १०० रुपये धरावी. दुकानखर्च रोजचा २४० म्हणजे तासाला ३० रुपये. तीस तासांचे ३,९०० रुपये झाले. अस्तर, दोरा, जर, मोती यांचे ६५० मिळविले की ४,५५० होतात. मणी फुटणे, उसवून पुन्हा भरणे यांसाठी शंभरी पाच आणि त्यावर नफा शंभरी पंधरा धरला, तर किंमत सुमारे ५,५०० रुपये येते.

काही जण म्हणतील की दुकानभाडे दुरुस्तीच्या कामातून सुटतेच, ते पुन्हा का धरावे? प्रारंभी तसे वाटते. परंतु भाडे वगळून एकदा दर ठरला की तो गावात पसरतो, आणि उद्या दुरुस्ती कमी करून याच कामावर बसायचे ठरविले तर तो वाढविता येत नाही. म्हणून भाडे पहिल्या ब्लाऊजपासूनच धरावे.

गिऱ्हाईक ३,००० रुपयेच देऊ शकत असेल, तर काय करावे? तीच नक्षी त्या पैशांत करून दिली तर खर्च व नुकसानीची रक्कम वजा जाता तासाला जेमतेम ४१ रुपये पडतात. मजुरी न उतरविता नक्षी उतरवावी. साहित्य ४५० रुपयांचे धरून वरचाच हिशेब उलटा मांडला, तर ३,००० रुपयांत भरण्याला साडेसात तास मिळतात. दहा सेंटिमीटरला चाळीस मिनिटे लागणारी अरुंद पट्टी निवडली, तर तोच सर्व गळा व बाह्या सात तास वीस मिनिटांत होतात. दोन नक्षींचे भरलेले तुकडे, त्यांच्या किमतीसह, दुकानात टांगून ठेवले की ही बोलणी दोन मिनिटांत संपते. संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्राशी मात्र किमतीत स्पर्धा करू नये. नुसत्या दोऱ्याची, सारखी पुन्हापुन्हा येणारी वेल यंत्र स्वस्तात काढते. डबका व मोती यांचे मिश्र काम हाताचेच.

रोजचे तीन तास वीस मिनिटे मिळाली, तर बावीस तासांचे भरणे सुमारे सात दिवसांत उरकते, आणि दुरुस्तीचे एकही गिऱ्हाईक परत जात नाही. म्हणजे महिन्याला असे तीन ब्लाऊज नीट होतील. शिवण्याचे तास त्याखेरीज काढावे लागतात, म्हणून चौथा घेऊ नये. वधूचा ब्लाऊज एक दिवस उशिरा देणे म्हणजे न देणेच होय. लग्नाच्या तारखेआधी दहा दिवस ही देण्याची तारीख ठरवून, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन, नक्षी, रंग व मापे लिहिलेल्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

ऋतूचाही विचार हवा. चातुर्मासात लग्ने नसतात, चवथीपूर्वी नव्या कपड्यांची घाई असते, आणि तुळशीच्या लग्नानंतर वधूंचे काम सुरू होते. म्हणून नमुने पावसाळ्यात करावेत. पण गोव्याच्या दमट हवेत जर काळवंडते व सुया गंजतात. जर घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवावी, आणि भरलेला तुकडा चौकटीवर असताना रात्री कोरड्या सुती कापडाने झाकावा. घामट हात हाही जरीचा शत्रू आहे.

चौकट व साहित्य यांसाठी पैसा लागतो, तो फार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज, कारागिराला पाच टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. तथापि पहिले दोन ब्लाऊज कर्जाशिवाय करावेत. तासांची वही त्यांवर भरली जाते, आणि किती साहित्य एकदम आणणे परवडते हे त्या वहीवरूनच कळते.