फुटाचा भाव आणि ट्रॉल्यांचा हिशोब

मॉड्युलर किचनचं कोटेशन ‘रनिंग फुटाला तीन हजार’ असं आलं, तर आधी विचारा, हे फूट मोजले कसे?

समजा, ओटा एल आकाराचा आहे. एक भिंत दहा फूट, दुसरी आठ. बेरीज अठरा. पण दोन फूट खोलीचा कोपरा त्यात दोनदा आला. खरी लांबी सोळाच. म्हणजे सहा हजार रुपये कोपऱ्यानेच वाढवले.

दुसरा प्रश्न, त्या फुटात आहे काय? तीन फुटांच्या कपाटात दोन दारं आणि एक फळी बसते, किंवा सॉफ्ट-क्लोज चॅनलच्या तीन ट्रॉल्या. फुटाचा भाव तोच, खर्चात मात्र मोठी तफावत. म्हणून भाव स्वस्त वाटतो आणि ट्रॉल्या पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतात. ओट्याचा ग्रॅनाइट तर बहुतेकदा वेगळाच.

याउलट कपाटवार कोटेशनमध्ये प्रत्येक कपाटाचं माप, प्लायचा दर्जा, बिजागऱ्या-चॅनलची कंपनी आणि नग लिहिलेले असतात. सिंकखाली आयएस ७१० प्लाय आहे का, हे तिथेच कळतं. फुटाचा भाव देणाऱ्याकडून हीच यादी लिहून घ्या, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.