बिगुलाचे चोवीस सूर



लष्करी वाद्ये म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संचलनाचा बँड उभा राहतो. परंतु ही वाद्ये रणांगणावर गेली ती मुख्यतः हुकूम पोचविण्याच्या कामाला. त्या कामकरी वाद्यांची एक हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. ती अमेरिकेच्या यादवी युद्धातली, १८६२ सालची आहे.

त्या वेळी शेकडो शिपाई खांद्याला खांदा लावून बंदुका झाडीत. दारूच्या धुरात निशाण दिसत नसे आणि अंमलदाराचा आवाज थोड्या पावलांतच विरून जाई. म्हणून हुकूम वाद्यावर चढविला. पायदळात ढोल असे. पण पावसाने त्याचे कातडे सैल पडे, आणि त्याचे ठोके तोफांच्या धडधडीत मिसळून जात. बिगुलाचा तीक्ष्ण सूर मात्र त्या गलक्यातून वेगळा उठे.

बिगुल म्हणजे वळवलेली पितळी नळी. तिला ना भोके ना कळा. वाजविणाऱ्याने ओठ कमी-अधिक ताणायचे, एवढीच करामत. त्यातून मोजके सूरच कामाचे निघतात, आणि ते सारे षड्ज, गंधार, पंचम यांच्या घरातले. रिषभ-मध्यमाची सोय नाही. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पुढे सरका, मागे या, गोळीबार थांबवा, असे हुकूम बांधायचे. म्हणून लय आणि सुरांचा क्रम यांवरच सारा भर असे. शिपायी त्या सुरांना थट्टेचे शब्द जोडून ते पाठ करीत.

पण एक अडचण उरलीच. शेजारी शेजारी दहा पलटणी लढत असल्या, आणि 'पुढे सरका' वाजले, तर पुढे कोणी सरकायचे? आमच्या गिरणगावात एकामागून एक भोंगे होत, तेव्हा जुना कामगार आपल्या गिरणीचा भोंगा आवाजावरून ओळखी. बिगुल मात्र सगळीकडे सारखाच वाजणार.

उत्तरेच्या सैन्यातील डॅनियल बटरफील्ड या ब्रिगेडियर जनरलने यावर तोड काढली. हा गृहस्थ मूळचा व्यापारी, पेशाने शिपाई नव्हे. त्याने आपल्या ब्रिगेडसाठी एक लहानशी खूण बांधली. आधी ती खूण वाजायची, मग हुकूम. खूण ऐकू आली तरच त्याच्या माणसांनी हलायचे. शिपायांनी त्या खुणेत सेनापतीचे नावच बसवून टाकले. म्हणजे पत्रावर पत्ता घातला, तसा हुकुमावर पत्ता घातला गेला.

जुलै १८६२ मध्ये सात दिवसांच्या लढायांनंतर हे सैन्य व्हर्जिनियात, जेम्स नदीकाठी हॅरिसन्स लँडिंगला तळ देऊन होते. रात्री दिवे मालविण्याचा इशारा बटरफील्डला रुक्ष वाटे. त्याने ऑलिव्हर नॉर्टन या बिगुलवाल्याला बोलाविले आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले सूर वाजवावयास लावले. ऐकता ऐकता काही सूर लांबविले, काही आखूड केले. जुन्याच एका इशाऱ्यातून घडलेली ही चोवीस सुरांची रचना. तिला पुढे 'टॅप्स' हे नाव पडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडींचे बिगुलवाले तिची नक्कल मागावयास आले.

त्याच मोहिमेत तोफखान्याच्या एका शिपायाला मूठमाती द्यायची होती. प्रघात बंदुकांच्या तीन फैरींचा. परंतु शत्रू जवळच होता. फैरी ऐकून त्याला लढाई सुरू झाली असे वाटले असते. म्हणून कॅप्टन टिडबॉल याने त्याऐवजी टॅप्स वाजविण्यास सांगितले. दिवे मालवण्याचा हुकूम असा थडग्यावर आला. १८९१ साली लष्करी अंत्यविधीच्या नियमांत त्याला जागा मिळाली. आपल्याकडे अशा प्रसंगी वाजणारी 'लास्ट पोस्ट' हीसुद्धा मूळची रात्रीच्या तपासणीची समाप्ती सांगणारी ब्रिटिश खूणच आहे.

बँडचे काम निराळे. त्याच्याकडे धीर देण्याचे काम. पण धीर हा हुकुमासारखा पत्ता घालून पाठविता येत नाही. ३० डिसेंबर १८६२च्या रात्री टेनेसीत मर्फ्रीसबरोजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर झोपली होती. दोन्हींकडचे बँड आपापली अभिमानगीते वाजवून एकमेकांना डिवचीत होते. मग एका बँडने घराच्या ओढीचे 'होम, स्वीट होम' धरले. दुसऱ्या बाजूनेही तेच उचलले, आणि दोन्हीकडचे शिपाई ते गाऊ लागले. सकाळी लढाई जुंपली. तीन दिवसांच्या त्या झुंजीत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २४ हजार लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

पुढे बंदुकीचा पल्ला वाढला, माणसे विखरून खंदकांत शिरली, टेलिफोन आणि बिनतारी आली, आणि बिगुलाचे हुकूम रणांगणावरून गेले. राहिली ती त्या सुरांना चिकटलेली आठवण. हुकुमाचा बिगुल आपल्या माणसापुरताच बोलावा म्हणून बटरफील्डला खूण शोधावी लागली. मर्फ्रीसबरोच्या त्या गाण्याला मात्र कसलीच खूण लागली नाही, ते दोन्ही बाजूंना सारखेच कळले. आणि ते कळूनही सकाळी बंदुका उचलणारे हात त्याच माणसांचे होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.