पडल्यानंतर पुन्हा दुचाकीवर

अपघातानंतर हाड जुळतं, डॉक्टर गाडी चालवायला परवानगीही देतात. पण सात रस्ता चौकाच्या गर्दीत शिरताना हात कडक होतात. मान खाली जाते, नजर पुढच्या चाकावर खिळते. खरा धोका इथेच आहे. कडक हातांनी हँडल नीट वळत नाही आणि दचकून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर वाळूवर चाक सरकतं.

म्हणून आधी गाडी तपासून घ्या. सरळ जाताना हँडल एका बाजूला ओढत असेल, तर मेकॅनिककडून पुढचे शॉकअप बघून घ्या. अशा गाडीवर वाटणारी भीती नुसती मनाची नसते!

मग मोकळं मैदान गाठा. ताशी वीसच्या वेगाने जा, नजर लांब ठेवा, दोन्ही ब्रेक एकत्र पण हळूहळू दाबत थांबा. कोपरं सैल आहेत ना, पाहा. हे सहज जमलं, की पहाटेचा घराजवळचा रस्ता, नंतर एखादा चौक, आणि विजापूर रोडची संध्याकाळची गर्दी सगळ्यात शेवटी.

भीतीला दहापैकी गुण द्या. सात वाटली तर कडेला थांबा, श्वास सावकाश सोडा. पण तिथूनच घरी परतू नका. ऐन भीतीत माघार घेतली, की सुटल्याचा दिलासा मिळतो आणि पुढच्या वेळी तीच भीती वाढते. चारवर आली, की तोच टप्पा पूर्ण करा.

महिना उलटूनही अपघात स्वप्नात येत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.