एका माणसाचा शर्ट आणि बाकीची दहा माणसं

आज एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. केळव्याच्या एका वाडीतलं लग्न, वैशाखातली दुपार, साडेचारचा सुमार. अंगणात अकरा माणसांचा फोटो काढला. पुढे खुर्च्यांवर पाच जण, मागे उभे सहा. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे नवऱ्या मुलाचे मामा. मामा तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून थेट मांडवात आलेले, त्यामुळे अंगावर कंपनीचा गडद निळा युनिफॉर्म, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. बोईसर-पालघर पट्ट्यातल्या लग्नांच्या अल्बममध्ये असा एखादा युनिफॉर्म हमखास सापडतो. महिन्याभराने घरच्यांनी विचारलं, मामांना कुर्ता घालता येईल का? बाकी कुणाला हात लावायचा नाही. मामांचीही तीच इच्छा होती, आणि हे मी त्यांनाच विचारून घेतलं, कारण कपडे त्यांचे बदलायचे होते.

आता 'बाकी कुणाला हात लावायचा नाही' या अटीचा अर्थ दोन तऱ्हेने घेता येतो. एक म्हणजे बघणाऱ्याला फरक कळू नये. दुसरा म्हणजे बाकीच्या दहा जणांचा एकही पिक्सेल बदलू नये. मी दुसरा अर्थ धरून चालतो, कारण तो तपासता येतो. पहिला अर्थ बघणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून, आणि आजीचा चेहरा आजीच्या मुलीला जसा दिसतो तसा मला कधीच दिसणार नाही.

हल्ली फोनवरच फोटो टाकून खाली एक ओळ लिहिली की नवा फोटो समोर येतो. 2025 च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या फोटोला जुन्या सिनेमातल्यासारखी साडी नेसवण्याची लाट आली होती, तुमच्यापैकी अनेकांनी ते केलं असेल. एकट्या माणसाच्या फोटोत ते खपून जातं. ग्रुप फोटोत खपत नाही, आणि का, ते समजून घेण्यासारखं आहे.

आमचा मूळ फोटो 6000 पिक्सेल रुंद. मागच्या रांगेतला एक चेहरा साधारण 300 पिक्सेलचा. अशी साधनं परत देतात तो फोटो बरेचदा जेमतेम दीड हजार पिक्सेल रुंद असतो, म्हणजे तोच चेहरा पाऊणशेवर आला. त्यात भर म्हणजे या जातीची अनेक साधनं फोटोवर थेट काम करत नाहीत. ती आठ बाय आठ पिक्सेलचा तुकडा एका घरात दाबून बसवतात, त्या घरांवर बदल करतात आणि शेवटी घरांमधून संपूर्ण फोटो पुन्हा उभा करतात. आपण फक्त शर्टाबद्दल लिहिलेलं असतं, पण उभा राहतो तो अख्खा फोटो. एका चेहऱ्याच्या वाट्याला आडव्या रेषेत नऊ-दहा घरं. तेवढ्यात दोन डोळे, नथ, कुंकू आणि हसताना दिसणारा वाकडा दात मावत नाही. मग साधन तिथे 'असा दात असावा' असा दात बसवतं. माणूस ओळखू येतो, पण तो त्याच माणसाचा त्या क्षणाचा चेहरा राहत नाही. हे ताडायचं असेल तर आधी चेहरे बघू नका. मागच्या कनातीवरची 'शुभविवाह' ही अक्षरं बघा. देवनागरीतली वेलांटी किंवा उकार बिघडलेला दिसला, तर चेहऱ्यांनाही धक्का लागला आहे असं समजा.

म्हणून असं साधन वापरायचंच असेल, तर त्याच्याकडून फक्त कापड घ्यावं आणि ते मूळ फोटोवर मास्क लावून बसवावं. मास्क म्हणजे एक काळं-पांढरं चित्र. जिथे पांढरं, तिथे वरच्या थरातला नवा कपडा दिसतो. जिथे काळं, तिथे खालचा मूळ फोटो जसाच्या तसा. बाकीची दहा माणसं काळ्याखाली सुरक्षित राहतात.

मास्क करणं हीच या कामाची खरी मेहनत. मामांच्या शर्टाची कड सगळीकडे मोकळी नव्हती. त्यांच्या डाव्या खांद्यावर भाच्याची चार बोटं होती. उजव्या बाजूला मामींचा हिरवा पदर शर्टाला चिकटलेला. आणि पुढे खुर्चीवर बसलेल्या आजींचा अंबाडा बरोबर मामांच्या पोटाच्या जागी, त्यात मोगऱ्याचा गजरा. बोटं सोपी, त्यांच्या कडा ठळक असतात. पेन टूलने रेघ मारली आणि कड एक-दीड पिक्सेल मऊ केली की झालं. ती मुळीच मऊ केली नाही तर कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते, पाच-सहा पिक्सेल केली तर बोटांभोवती धुकं जमतं.

अंबाड्याचं मात्र तसं नाही. अंबाड्यातून सुटलेले केस एक पिक्सेलपेक्षाही बारीक. त्यांच्या फटींतून शर्टाचा निळा रंग डोकावतो आणि केसांच्या रंगात मिसळून जातो. तिथला पिक्सेल अर्धा आजींचा, अर्धा मामांचा. तो बदलू नये म्हटलं तर निळा तसाच राहणार, बदलावा म्हटलं तर आजींच्या केसाला हात लागणार.

इथेच कुर्ता कोणता घ्यायचा हे ठरतं. घरच्यांना मोतिया रंगाचा हवा होता, मांडवातल्या बहुतेक पुरुषांनी तोच घातलेला. मोतिया कापड मागे ठेवून पाहिलं तर अंबाड्याभोवती निळसर कड उठून दिसू लागली. गडद कुर्ता ठेवला तर तीच कड त्यात विरून गेली, आणि आजींचा एकही केस हलवावा लागला नाही. नवा कपडा जुन्याच्या जेवढा जवळचा, उजेडाला आणि आकाराला, तेवढे शेजारी सुरक्षित.

आकाराचंही तसंच. नवा कपडा जुन्याला पुरता झाकणारा हवा. मामांचा शर्ट अर्ध्या बाहीचा, कुर्ता पूर्ण बाहीचा, म्हणजे उघडा हात झाकला गेला आणि काम सोपं झालं. उलट असतं, पूर्ण बाहीचा कोट काढून अर्ध्या बाहीचा शर्ट घालायचा असता, तर उघडा हात नव्याने तयार करावा लागला असता आणि कोटामागे लपलेला मामींचा पदरही. जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते मी रंगवणार, आणि मग 'बाकी काही बदललं नाही' असं म्हणता येणार नाही. कॉलरचंही बघावं लागतं. शर्टाची कॉलर मानेचा जेवढा भाग झाकते तेवढा कुर्त्याच्या उभ्या पट्टीने झाकला पाहिजे, नाहीतर गळ्यापाशी कातडीचा नवा तुकडा जोडावा लागतो.

कापड कुठून आणलं? मामांच्या घरी त्यांचा स्वतःचा गडद जांभळा कुर्ता होता. तो घालून, पावसाळ्याआधीच, निरभ्र दिवशी, त्याच अंगणात, त्याच सुमारास त्यांना उभं केलं. लेन्स तीच, अंतर तेच, कॅमेऱ्याची उंची तीच. अंतर बदललं की खांद्यांची रुंदी आणि छाती यांचं प्रमाण बदलतं आणि कुर्ता उसना दिसतो. स्टुडिओत पांढऱ्या उजेडात काढला असता तरी चाललं नसतं, आणि याचं कारण केळवे-माहीमच्या वाड्यांतच आहे. तिथला उजेड केळी, पानवेली आणि नारळीच्या झापांमधून गाळून येतो, त्यामुळे कपड्याच्या सावल्यांत हिरवट झाक असते. स्टुडिओतल्या कापडाच्या सावल्या राखाडी. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो म्हणतो, 'हा माणूस वेगळा उभा वाटतो.' जून लागला असता तर हा मार्गच बंद झाला असता, ढगाखाली सावल्यांना कडाच राहत नाहीत.

आता तपासणी. मूळ फोटोचा थर सर्वांत वर ठेवा आणि त्याचा मोड Difference करा. जिथे दोन्ही थर तंतोतंत सारखे, तिथे निव्वळ काळं. आमच्या फोटोत काळ्यावर एकच कुर्त्याच्या आकाराचा उजळ डाग दिसला. पण तेवढ्यावर थांबू नये. त्यावर Levels लावून पांढरा सरकवा 255 वरून दहाच्या आसपास आणला की डोळ्याला न दिसणारे फरकही उजळतात. तसं केल्यावर मामींच्या कानाजवळ एक फिका ठिपका दिसला; मास्कवर ब्रश चुकून टेकला होता. तो काळा केला. ही तपासणी फाइल जेपीईजीत साठवण्याआधीच करायची. जेपीईजी प्रत्येक वेळी फोटो आठ बाय आठच्या चौकोनांत नव्याने मोजतं, त्यामुळे दुसऱ्यांदा साठवल्यावर अकराच्या अकरा माणसं किंचित बदललेली असतात. आम्ही टिफ ठेवतो, जेपीईजी एकदाच काढतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

मध्येच एक सांगतो. हीच पद्धत वापरून 4 मार्चच्या सुरक्षा दिनाच्या ग्रुप फोटोत एका कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर जाकीट बसवून द्या, अशी विचारणा मला एका कारखान्यातून झाली होती. ते मी केलं नाही. लग्नातला कुर्ता मामांच्या आवडीचा मामला आहे. कारखान्यातला फोटो 'त्या दिवशी या माणसाने काय घातलं होतं' या प्रश्नाचं उत्तर म्हणून फाइलला लागतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड भाग. कपडा उजेड शोषतो आणि परतवतोही. गडद निळ्या शर्टाने मामींच्या पदराकडे फारसा उजेड टाकला नव्हता, म्हणून त्यांच्या दंडाची मामांकडची बाजू अंधारी होती. मोतिया कुर्ता प्रत्यक्षात असता तर ती बाजू आणि मामींचा जबडा थोडा उजळला असता. म्हणजे मोतिया कुर्ता घालून मामींना जसंच्या तसं ठेवलं, तर आपली अट पाळली जाते आणि फोटो मात्र खोटा दिसतो. मामींना उजळलं, तर फोटो खरा वाटतो आणि अट मोडते. या दोन्हींतून वाट काढणारं बटण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. गडद जांभळ्या कुर्त्याने हा पेच मिटवला नाही, लहान केला. त्याचा उजेड जुन्या शर्टाच्या इतका जवळ होता की मामींच्या दंडावर काही करायची गरज पडली नाही. मामांच्या स्वतःच्या हनुवटीखाली निळसर झाक होती, ती मी किंचित जांभळट केली. तो चेहरा त्यांचा होता, त्यांना विचारूनच केली. मोतियाचा हट्ट घरच्यांनी सोडला तो दोन्ही नमुने शेजारी ठेवून, मामींचा दंड बोटाने दाखवल्यावर.