जुलैची वही

आजची गोष्ट आमच्या साताऱ्याच्या कॉलनीतली आहे.

आमच्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. बॅटरी नाही, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं. शेजारचे अण्णा कर्ज काढून तेच बसवणार होते, पण जूनअखेर आभाळ भरून आलं आणि त्यांचा विचार फिरला. "आठ-आठ दिवस ऊन नाही. काय उपयोग त्या काचांचा?" बाबा म्हणाले, "ढगातूनही उजेड येतो." दोघंही हटेनात. शेवटी बाबांनी शंभर पानी वही काढली. रोज संध्याकाळी सातला इन्व्हर्टरवरचा आकडा लिहायचा, आणि पुढे शेरा.

महिन्याची बेरीज १८३ युनिट झाली, म्हणजे दिवसाला सहाच्या आसपास. एप्रिलमध्ये हेच तेराच्या वर होतं. "बघा, निम्म्याहून कमी!" अण्णा खूश. पण शून्य एकदाही नव्हतं. दिवसभर धो-धो पाऊस होता तेव्हाही २.४ युनिट मिळाले होते.

मग अण्णांनी एका ओळीवर बोट ठेवलं: ०.९ युनिट. शेरा होता, 'लाईट नाही, ९ ते ४.' त्या दिवशी तर ढग पातळ होते! इथे मी मध्ये पडलो. लाईन बंद झाली की असा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरची वीज शॉक देईल. म्हणजे तो दिवस ढगांनी नाही, लाईट गेल्याने बुडाला. बॅटरी नसेल तर अशा वेळी आपलं घरही अंधारात. यावर अण्णा बरोबर होते, आणि बाबांनी ते मान्य केलं. (क्वचित करतात.)

आता पैशाचं. जुलैत आमचा वापर २४८ युनिट, म्हणजे ६५ कमी पडले. पण एप्रिल-मे मध्ये वापरून उरलेले १४० युनिट नेट मीटरिंगमध्ये आमच्या नावावर जमा होते. त्यातून ते वळते झाले आणि बिलात मुख्यतः स्थिर आकार राहिला. ही जमा ३१ मार्चपर्यंतच पुढे सरकते, मग वर्षाचा हिशेब बंद होतो. उन्हाळा वर्षाच्या सुरुवातीला येतो म्हणून त्याची शिल्लक पावसाळ्यात कामी येते. ढगाळ आठवडा एकटा धरला तर अण्णा जिंकतात, वर्ष धरलं तर बाबा.

अण्णांनी तरी सांगलीच्या जावयाला फोन लावला. त्यांच्याकडेही ३ किलोवॅटच. जुलैची सरासरी आठच्या वर! सांगलीत कृष्णेला पूर येतो तो बराचसा आमच्याकडच्या घाटातल्या पावसाने. खुद्द सांगलीत पाऊस कमी पडतो. त्यामुळे जावयाचा आकडा बघून साताऱ्यात बजेट करू नका, आणि महाबळेश्वरकडे घर असेल तर आमचाही बघून नको.

अण्णा वही घरी घेऊन गेले. ऑगस्टचे आकडे त्यांच्या अक्षरात आहेत. बँकेचा फॉर्मही त्याच वहीत घडी घालून ठेवलाय, अजून कोराच.