पुसट शिक्क्याची नोंद
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



जुन्या कागदपत्रांची यादी करताना माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांसमोर ठेवतो. सभागृहाच्या दुरुस्तीसाठी केलेल्या अर्जाची पोचप्रत दप्तरात मिळाली. अर्जावरील हस्तलिखित दिनांकाचा कोपरा फाटलेला होता. उरला होता तो जांभळ्या शाईचा एक गोल शिक्का, तोही पुसट. वरच्या कमानीत ‘नगरपालिका’, तळाशी ‘नाशिक’, मध्ये ‘14’, अस्पष्ट महिना आणि ‘198’. शेवटचा अंक नाही. तेथे एक उभी रेघ भासली, म्हणून मी यादीत सरळ ‘1981’ लिहिले.

पुढे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी भिंग घेऊन पाहिले व म्हणाले, “शेठजी, अक्षरे वाचलीत, पण ती कोठे बसली आहेत हे पाहिले नाही.” तळाचा ‘नाशिक’ शब्द वर्तुळाच्या मध्यावर होता, ‘नगरपालिका’ मात्र उजवीकडे सरकलेली होती. तिच्या डावीकडे दोन अक्षरांची जागा कोरी दिसत होती. दाब नीट न बसल्याने तेथे ‘महा’ उमटलेच नव्हते. नाशिक महानगरपालिका 7 नोव्हेंबर 1982 रोजी अस्तित्वात आली. तेव्हा 1981 साली तिचा शिक्का उमटणे शक्यच नव्हते. मला दिसलेली रेघ कागदाच्या घडीची होती.

मग आम्ही नोंद पुन्हा लिहिली, ती अशी : ‘पृष्ठ 1, उजवा वरचा कोपरा, गोल शिक्का, जांभळी शाई, किंचित डावीकडे कललेला, अर्जाच्या पहिल्या दोन ओळींवर उमटलेला. मजकूर : [महा]नगरपालिका / नाशिक / 14 [..] 198[.]’ चौकटी कंसातील अक्षरे आपण भरलेली, आणि टिंब म्हणजे न वाचलेला अंक. त्याखाली स्वतंत्र ओळीत : ‘अनुमान : नोव्हेंबर 1982 ते 1989 या काळातील.’ अनुमान मजकुरात मिसळू नये. पुढचा वाचक मूळ कागद पाहीलच असे नाही.

उलट प्रसंगी मात्र सावध राहावे. शिक्क्यावर निव्वळ ‘नगरपालिका’ असती, तर कागद 1982 पूर्वीचा असे ठामपणे म्हणता आले नसते. नाव बदलल्यावरही जुना शिक्का काही दिवस वापरात राहू शकतो.

वाचण्यासाठी कागद तिरप्या उजेडात धरावा. पातळ कागद असल्यास पाठीमागे झिरपलेली शाई आरशात पाहावी. घडी घातलेल्या कागदाच्या समोरच्या भागावरही कधी उलटा ठसा उमटलेला असतो. पाणी किंवा ओले बोट मात्र लावू नये. ही शाई पाण्याने पसरते आणि उरलेली अक्षरेही जातात.

दुकानाच्या वहीत न मिळालेली रक्कम आपण जमा धरीत नाही. न दिसलेला अंकही तसाच कोरा ठेवावा. या स्मरणिकेतील दुरुस्तीची नोंद त्याप्रमाणे बदलली आहे. माझ्या जुन्या यादीवरून कोणी ‘1981’ उतरवून घेतले असल्यास कृपया ते दुरुस्त करून घ्यावे.